निकाल अपडेटच्या व्हिडिओचं मेटाडेटा: या वेळी काय बदललं

भरतीच्या व्हिडिओंची टायटलं मी आता ठरवून एकाच पद्धतीने लिहितोय, आधी भरतीचं नाव, मग नेमका कोणता टप्पा झाला, मग तारीख. कारण मुलं सर्च करतात "निकाल", आणि साइटवर आलेली असते फक्त पहिली उत्तरतालिका. तिच्यावर हरकती येणार, मग अंतिम उत्तरतालिका, मग गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी आणि त्यानंतर कुठे अंतिम निवड. यातल्या कुठल्याही टप्प्याला "निकाल लागला" म्हटलं की व्ह्यूज येतात, पण पोरं रात्रभर साइट रिफ्रेश करत बसतात.

परवाचंच घ्या, लिपिक भरतीची उत्तरतालिका आली. टायटल असं ठेवलं: "लिपिक भरती: पहिली उत्तरतालिका आली, हरकत 18 मार्चपर्यंत, निकाल अजून नाही". यूट्यूब टायटलला 100 अक्षरं देतं पण मोबाईलवर शेपूट कापलं जातं, म्हणून टप्पा पुढेच पाहिजे. "आज", "आत्ताच", "लगेच बघा" हे शब्द पूर्ण बंद केलेत, कारण व्हिडिओ आठवड्याने कुणाला सुचवला गेला की "आज" खोटं होतं. हरकतीची घाई मात्र खरी आहे, ती तारखेनेच कळते, त्याला वेगळा आरडाओरडा लागत नाही.

डिस्क्रिप्शनच्या पहिल्या काही ओळीच बंद स्थितीत दिसतात, त्यामुळे सबस्क्राइबची विनंती तिथून खाली ढकलली आणि हे वर आणलं:

```
आलं: पहिली उत्तरतालिका (सूचना 11 मार्च)
नाही आलं: निकाल, कटऑफ. तपासलं: 12 मार्च, सकाळी 9
```

"तपासलं" ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बघणाऱ्याला लगेच कळतं माहिती किती जुनी आहे. लिंक अधिकृत साइटच्या मुख्य पानाची देतो आणि सूचनेचं नाव जसंच्या तसं लिहितो, कारण पीडीएफची थेट लिंक कधी कधी बदलते. अंदाजे कटऑफ असेल तर टायटलमध्ये आकडा नाहीच, व्हिडिओत सांगतो आणि तिथे "अंदाज" हा शब्द आकड्याच्या आधी येतो.

टॅगमध्ये दुसऱ्या भरत्यांची नावं कोंबत नाही. यूट्यूब स्वतःच सांगतं की टॅगचा शोधात फार थोडा वाटा असतो, चुकीचं स्पेलिंग टाइप होत असेल तिथे ते कामाला येतात, मग "उत्तर तालिका" आणि "उत्तरतालिका" दोन्ही टाकतो आणि थांबतो. थंबनेलवर तारीख नाही, फक्त "उत्तरतालिका". यादीचा स्क्रीनशॉट असेल तर नावं आणि बैठक क्रमांक झाकूनच, ब्लर हलका पडला तर मोठं करून वाचता येतं म्हणून सरळ काळी पट्टी मारतो.

आणि हरकतीची मुदत संपली की त्याच संध्याकाळी टायटल बदलतो: "हरकत मुदत संपली, अंतिम उत्तरतालिका बाकी". व्हिडिओची लिंक तीच राहते, पण आतला आवाज जुनाच बोलतो, म्हणून पिन केलेल्या कमेंटमध्ये बदलाची तारीख टाकतो. निकाल खरंच आला की नवा व्हिडिओ करणार, जुन्याचं नाव बदलून त्यालाच "निकाल" म्हणणार नाही, जुन्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये फक्त नव्याची लिंक जाईल.