पफ पॅनेलच्या छताचा झोल: दोन स्पॅनवर केलेली चाचणी

तासगाव रोडला एका व्यापाऱ्याने बेदाण्यासाठी छोटी कोल्ड रूम काढली. पफ पॅनेल त्यांनी आधीच आणून टाकले होते, उभारणी माझ्याकडे आली. पॅनेलची जाडी ८० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि मध्ये ४० घनतेचा फोम. खोलीची रुंदी तीन मीटर. छताचं पॅनेल या भिंतीवरून थेट त्या भिंतीवर जाणार, मध्ये आधार नाही. शेठनी दोन गोष्टी विचारल्या. वायरमन वर चढला तर चालेल का, आणि साठ किलोचा युनिट कूलर त्याच छताला मधोमध टांगायचा का.

पुरवठादाराच्या कागदावर घनता होती, उष्णता किती अडते तेही होतं. फोमचा शिअर मोड्युलस, म्हणजे फोम सरकवायला किती ताठ आहे, तो आकडा मात्र नव्हता. फोन केला तर म्हणाले, "साहेब, हे कुणी विचारतच नाही." विचारत नसतील, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच आकड्यात आहे.

पॅनेल वाकतं तेव्हा वरचा पत्रा दाबला जातो, खालचा ताणला जातो. फोमचं काम त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि एकमेकांवरून सरकू द्यायचं नाही. म्हणून मध्यावर भार ठेवला की येणाऱ्या झोलाचे दोन तुकडे पडतात. एक पत्र्यांच्या ताण-दाबाचा, दुसरा फोम सरकल्याचा.

```
झोल = P·L³/(48·D) + P·L/(4·S)
D = E·b·t·d²/2      S = G·b·d²/c
```

यात `P` भार, `L` स्पॅन, `E` पत्र्याच्या पोलादाचा ताठपणा, `G` फोमचा शिअर मोड्युलस, `t` पत्र्याची जाडी, `d` दोन पत्र्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर, `c` फोमची जाडी, `b` रुंदी. पहिला तुकडा स्पॅनच्या घनाने वाढतो, दुसरा नुसता स्पॅनच्या प्रमाणात. हा फरक हाताशी असला की `G` माहीत नसतानाही तो काढता येतो: तेच पॅनेल, तोच भार, स्पॅन निम्मा करायचा.

जादाच्या पॅनेलमधून मीटरभर रुंद पट्टा कापला. कडेचा खाच-जीभवाला भाग मुद्दाम काढला, म्हणजे फोम उघडा दिसतो. दोन बाजूंना पाइपचे टेकू, त्यांवर रुंद सपाट पट्ट्या, नाहीतर टेकूवरच फोम चेपतो. मध्यावर आडवी लाकडी पट्टी, तिच्याखाली रबर, वर फळी आणि फळीवर सिमेंटची दोन पोती. फळीसकट १०२ किलो, म्हणजे १००० न्यूटन. डायल गेज मध्यावर खालच्या पत्र्याला लावला. वरून मोजलं तर पट्टीखाली पत्रा जो थोडा चेपतो तोही झोलात धरला जातो. टेकूंपाशीही एकेक गेज ठेवला आणि तिथलं बसणं मधल्या आकड्यातून वजा केलं. पोती ठेवली की मिनिटभराच्या आत वाचन घ्यायचं, कारण फोम भाराखाली हळूहळू सरकतच राहतो आणि काटा पुढे जात राहतो.

तीन मीटरवर झोल ४.६ मिलिमीटर आला, दीड मीटरवर १.६. दीड मीटरवर पत्र्यांचा वाटा `x` आणि फोमचा `y` धरा. स्पॅन दुप्पट केला की पहिला आठपट होतो, दुसरा दुप्पट.

```
 x +  y = 1.6
8x + 2y = 4.6
x = 0.23   y = 1.37
```

म्हणजे तीन मीटरवरच्या ४.६ पैकी जेमतेम १.९ पत्र्यांचे आणि २.७ फोमचे. नुसतं `E·I` धरून हिशेब करणाऱ्याला निम्म्याहून कमी झोल दिसला असता. `y` वरून `G` सुमारे ३.४ मेगापास्कल निघाला. या घनतेच्या फोमला तो शोभतो. पत्र्यांचा वाटा सूत्राने १.८ यायला हवा होता, आला १.९. कारण पत्र्याच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये जस्त आणि रंगही मोजलेला असतो, निव्वळ पोलाद त्याहून कमी.

झोल कळला तरी ताकद वेगळी बघावी लागते. १००० न्यूटनला मध्यावरचं वाकवणारं मोमेंट `M` म्हणजे `P·L/4` आणि टेकूजवळचं शिअर बल `V` म्हणजे `P/2` धरलं, तर पत्र्यातला ताण `M/(b·t·d)` म्हणजे १९ मेगापास्कल येतो, फोममधला शिअर `V/(b·d)` म्हणजे ०.००६. दोन्ही किरकोळ. मग तीन मीटरवरच पोती वाढवत नेली. आठव्या पोत्याला लाकडी पट्टीच्या कडेशी वरच्या पत्र्यावर आडवी घडी उठली आणि पॅनेल बसलं. तेव्हा पत्र्यात ताण ७५ च्या आसपास होता. पोलाद २५० पर्यंत सहज सोसतं, पण दाबाखालच्या पातळ पत्र्याला मागून धरून ठेवणारा फोम मऊ असला की पोलादाची पाळी यायच्या आधीच पत्रा सुरकुततो. म्हणून पत्र्याचा ग्रेड वाढवून इथे काही हाती लागत नाही.

फोम त्या वेळीही तुटला नव्हता. त्यातला शिअर ०.०२५, आणि असा फोम साधारण ०.१ च्या पुढे फाटतो. भार चढवण्याआधी मी उघड्या कडेवर मार्करने उभ्या रेघा मारल्या होत्या. सात पोती असताना टेकूजवळच्या रेघेला पत्र्यावरून गुण्या लावला, तर ८० मिलिमीटर उंचीत ती अर्धा मिलिमीटर कलली होती. मध्याच्या पलीकडच्या रेघा उलट बाजूला. शेठ चष्मा काढून वाकून बघत होते. म्हणाले, "आवो, म्हंजे आतलं सरकतंय की!"

वायरमनचा प्रश्न त्यामुळे सुटला. एका वेळी एकच माणूस, तोही पॅनेलच्या रुंदीभर जाणाऱ्या फळीवरून. नुसत्या टाचेखाली अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा खड्डा धरतो आणि तिथे फोमपासून सुटतो. सुटलेली जागा बोटाने ठोकली की लगेच कळते, आवाज पोकळ येतो. तशी जागा वरच्या पत्र्यावर मध्याजवळ असेल तर आठ पोत्यांचा हिशेब विसरायचा, कारण तिथे पत्र्याला मागून धरणारं कुणी उरत नाही.

कूलरचं गणित निराळं. माणूस येतो आणि जातो, कूलर तिथेच लटकून राहतो. युरोपच्या EN 14509 मानकात अशा फोमला कायमच्या भारासाठी क्रीपचा, म्हणजे भाराखाली हळूहळू सरकत राहण्याचा, गुणांक १ लाख तासांना ७ धरतात. म्हणजे फोमचा झोल मूळचा एक अधिक सात, असा आठपट होतो. पत्र्यांचा वाटा वाढत नाही. साठ किलोला फोमचा सुरुवातीचा झोल १.६ मिलिमीटर, तो कालांतराने १३ वर जाणार, वर पत्र्यांचा एक. छत पडणार नाही, पण एवढ्या झोलात सांध्यांचं सीलंट फाटतं, दमट हवा आत शिरते आणि सांध्यावर बर्फ धरायला लागतो.

शेठनी विचारलं, मग १०० मिलिमीटरचं पॅनेल आणू का? जाडी वाढवली की पत्र्यांचा वाटा जाडीच्या वर्गाने कमी होतो, फोमचा साधारण जाडीच्या प्रमाणात. म्हणजे फोमचा २.७ उतरून २.२ वर येणार आणि क्रीप तसाच राहणार. आणलेला माल बदलण्याइतका तो फायदा नव्हता. शेवटी कूलर शेडच्या ट्रसला चार सळयांनी टांगला. सळया पॅनेलमधून मोकळ्या भोकांतून खाली आणल्या आणि थंडी सळईवाटे वर चढू नये म्हणून प्रत्येकीला मध्ये नायलॉनचा जोड दिला. भोकं फोमने भरून घेतली, आणि छताच्या मध्यावर ट्रसपासून एक अॅल्युमिनियमचा टी-सेक्शन सोडला. त्यामुळे स्पॅन दीड मीटरचा झाला.