आत्याची दिवाळी ८३ : आधी वेग, मग गाणं

गेल्या महिन्यात आत्याच्या कपाटातून एक सी-साठ कॅसेट मिळाली. डबी कुठल्यातरी दुसऱ्याच कॅसेटची, आत छापील कागद नाही. कॅसेटवरच्या चिकटपट्टीवर निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘रेडिओ. दिवाळी ८३. लता – जिथे सागरा, अमृताहुनी, अजून ५’. दुसऱ्या बाजूला एवढंच: ‘स्वयंवर – काकांकडे’. पहिल्या बाजूवर प्रत्यक्षात आठ गाणी आणि एक तुकडा निघाला. तीन आठवड्यांत कुठवर पोचलो ते लिहितोय.

पहिला दिवस नुसत्या दुरुस्तीत गेला. कॅसेट लावली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, मध्येच गायब. वाटलं फीत गेली. पण कॅसेटच्या तोंडाशी बघितलं तर हेडवर फीत दाबून धरणारी छोटी फेल्टची गादी सुटून आत पडली होती. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद वाळतो, आणि फीत खराब झाल्यासारखंच ऐकू येतं. या कॅसेटला पाच स्क्रू होते म्हणून सोपं गेलं. फीत जशीच्या तशी उचलून एका चांगल्या कवचात बसवली. मग हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत फितीची खरखर सर्वांत टोकदार कुठे होते ते शोधलं. त्या जागी आले की शब्दांतले ‘स’ आणि ‘च’ एकदम सुटे होतात. हे आधी केल्याशिवाय संगणकात घेऊ नका. इथे गेलेला उंच स्वर नंतर कुठल्याही फिल्टरने परत येत नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिली बाजू ऐकताना प्रत्येक गाणं ओळखीचं वाटत होतं आणि तरीही कुठलंच पटत नव्हतं. बायकांचे आवाज बारीक, पुरुषांचे कोवळे, तबला घाईत. फोनवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपने आठपैकी एकही ओळखलं नाही. ते ॲप स्वरांच्या जागा आणि त्यांच्यातली अंतरं जुळवतं. टेप पाच-सहा टक्के पळत असेल तर दोन्ही सरकतात आणि जुळणी फसते. कानाचंही तेच होतं, फक्त कान ते कबूल करत नाही.

म्हणून आधी वेग मोजायला घेतला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून जी बारीक घुंऽऽ येते ती बहुतेक वेळा त्याच्या दुपटीला, म्हणजे १०० ला असते. रेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून मुद्रण केलं असेल तर ती घुंही फितीवर उतरते. आज टेप योग्य वेगाने चालवल्यावर ती १०० वर दिसली तर मुद्रणाचा वेग बरोबर होता. १०० च्या वर दिसली तर रेकॉर्डर तेव्हा हळू चालत होता, आणि म्हणून आज सगळं पळतंय.

दोन गाण्यांच्या मधली शांत जागा शोधली. अशा तीनच होत्या, कारण आत्याने निवेदन टाळायला पॉज दाबलेलं आहे. ऑडॅसिटीत `Analyze > Plot Spectrum` उघडून `Size` ला `65536` ठेवलं. ४४१०० च्या मुद्रणात तेवढ्या आकाराला दीड सेकंदाची शांतता लागते, आणि मग अर्ध्या-पाऊण हर्ट्झचा फरक कळतो. पहिल्या गाण्यानंतर शिखर १०१.५ च्या आसपास, चौथ्यानंतर १०४.५, सातव्यानंतर १०६. म्हणजे वेग नुसता चुकलेला नव्हता, सरकत गेलेला होता.

इथे एक फसगत होते, मीही अर्धा दिवस फसलो. प्रत्येक ठिकाणी १०० वरही एक शिखर दिसत होतं, त्यामुळे वाटलं की वेग बरोबरच आहे. मग डेकमध्ये कोरी कॅसेट लावून मुद्रण केलं. १०० चं शिखर तिथेही तसंच. ते माझ्या आजच्या डेकचं होतं. सरकणारं शिखर ८३ सालचं, न हलणारं आजचं.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ‘आत्या, तो टेप तू सेलवर चालवायचीस का गं?’ ती म्हणाली, ‘मग काय, रेडिओपाशी एकच प्लग. आणि सेल काय स्वस्त होते का? आवाज रडायला लागेपर्यंत बदलायचे नाहीत असा दादांचा हुकूम.’ दादा म्हणजे माझे वडील. झालं, कोडं तिथेच सुटलं. सेल उतरत गेले, मोटर मंदावत गेली, आणि मंद मोटरवर घेतलेलं आज पूर्ण वेगाने वाजतंय. शेवटी शेवटी फरक सहा टक्क्यांचा आहे, म्हणजे जवळजवळ एक पट्टी. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येणार.

एका मापावर विसंबायचं नाही म्हणून दुसरं माप घेतलं. चौथं गाणं ‘जिथे सागरा धरणी मिळते’. ते आजही सहज मिळतं. मिळालेल्या प्रतीत तालाचे दोन ठोके निवडले, बरोबर १२० सेकंदांच्या अंतरावरचे. तेच ठोके टेपवर ११४.८ सेकंदांत येतात. १२० भागिले ११४.८ म्हणजे १.०४५. घुं १०४.५ सांगत होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा फार बरं वाटलं.

दुरुस्ती करताना `Change Speed and Pitch` मध्ये उणे ४.५ टाकू नका. १.०४५ ने पळणारं मूळ जागी आणायला ०.९५७ ने गुणावं लागतं, म्हणजे उणे ४.३. आणि वेग सरकता असल्याने अख्ख्या बाजूला एकच आकडा लावला नाही. गाणी वेगळी कापून प्रत्येकाला जवळच्या शांत जागेवरून आकडा दिला. लांब गाण्यात सुरुवात आणि शेवट यांत अजून किंचित फरक राहतो, पण ओळखण्यापुरतं ते चालतं.

त्यानंतर ॲपने आठपैकी चार गाणी लगेच ओळखली. आणखी दोन ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर ध्रुवपदाच्या शब्दांवरून सापडली. उरलेल्या दोनांतलं एक ‘अमृताहुनी’. दुसरं एका पुरुष आवाजातलं भावगीत आहे, त्यात फटाक्यांमुळे दोन ओळी पूर्ण बुडाल्यात. त्याचं काम अजून हातात घेतलेलं नाही.

आता चिकटपट्टीबद्दल. आत्याने ‘लता – जिथे सागरा’ असं लिहिलंय. ते गाणं सुमन कल्याणपूर यांचं. शब्द पी. सावळारामांचे, चाल वसंत प्रभूंची. आत्याची चूक समजण्यासारखी आहे. सावळाराम आणि वसंत प्रभू या जोडीची लताबाईंनी गायलेली गाणी घरोघरी होती, ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ त्यांतलंच. त्यात दोघींच्या आवाजाची गल्लत भल्याभल्यांची होते, आणि पळणाऱ्या टेपवर आवाज आणखी बारीक. मी मात्र नावावर थांबलो नाही. वेग दुरुस्त केलेली टेप आणि मिळालेली प्रत ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवली आणि श्वास बघितले. अंतऱ्याच्या आधीचा श्वास, ओळ सोडतानाचं हलकं थरथरणं, सगळं त्याच जागी. म्हणजे तीच ध्वनिमुद्रिका, वेगळं गायन नव्हे. ‘अमृताहुनी’ला हीच तपासणी लागणार आहे. नामदेवांचा अभंग माणिक वर्मांच्या आवाजात सगळ्यांना पाठ आहे, पण अभंग कोणीही गाऊ शकतं, आणि आकाशवाणीकडे स्वतःची मुद्रणंही असत.

तिथे एका छोट्या तुकड्याने हात दिला. आत्या निवेदन संपताच पॉज सोडायची, पण कधी कधी क्षणभर आधी सुटायचा. ‘अमृताहुनी’च्या आधी पाव सेकंदाचं काहीतरी आहे. पळत्या वेगात ती नुसती टिचकी वाटते. वेग दुरुस्त करून तेवढंच कापून दहा-बारा वेळा फिरवलं, तेव्हा स्पष्ट ‘…र्मा’ ऐकू आलं, खाली उतरत्या सुरात, वाक्य संपवताना निवेदक उतरतात तसं. बहिणीला काही न सांगता ऐकवलं, तिनेही ‘र्मा’च म्हटलं. गाणारं कोण ते माझ्यापुरतं ठरलं. कुठलं मुद्रण ते श्वास जुळल्यावरच लिहीन. सर्वांना विनंती, टेप साफ करताना गाण्याआधीच्या असल्या टिचक्या उडवू नका. नावं तिथेच अडकलेली असतात.

दुसरी बाजू काकांच्या घरी रेकॉर्ड प्लेअरवरून घेतलेली, विजेवर. तिथे घुं नेमकी जागेवर आहे, वेगाला हात लावला नाही. ‘नाथ हा माझा’ हे पद, ‘स्वयंवर’ नाटकातलं. नाटक १९१६ सालचं, शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. तेव्हा पद ओळखायचा प्रश्नच नव्हता, गाणारं कोण हा प्रश्न. बालगंधर्वांनंतर हे पद कितीतरी जणांनी गायलंय.

तबकडीवर ओरखडा आहे, एक कट्ट असा आवाज ठरावीक अंतराने येतो. दहा आवाजांमधली नऊ अंतरं मोजली, १६.२ सेकंद. एका फेऱ्याला १.८ सेकंद, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे. ७८ ची तबकडी असती तर कट्ट दर ०.७७ सेकंदाला आला असता, ४५ ची असती तर १.३३ ला. म्हणजे ही एलपी. पदही साडेपाच मिनिटं चालतं, ७८ च्या एका बाजूत साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. तेव्हा जुन्या तबकड्यांची माझी अर्धी यादी एका कट्टने बाद झाली. आता एलपींवरची मुद्रणं एकेक करून खाली ठेवून श्वास जुळवतोय. आतापर्यंत दोन तपासली, दोन्ही ती नव्हेत.

आणि पहिल्या बाजूचं शेवटचं. आठव्या गाण्यानंतर फीत संपेपर्यंत एकोणीस सेकंदांचा तुकडा आहे, त्यात फक्त सुरुवातीचं संगीत. आधी बासरी, एकच ओळ, दोनदा. दुसऱ्यांदा शेवटचा स्वर खाली न येता वरच थांबतो. मग व्हायब्रोफोनसारखे चार ठोके, मागे तबला दादऱ्यात. वेग १०६ धरून उतरवला तर षड्ज काळी एकवर येतो. पुढे गाणारं कोणीतरी श्वास घेतं, तो स्वच्छ ऐकू येतो, आणि फीत संपते. बासरीची ओळ स्वरांत लिहून काढतोय, पुढच्या नोंदीत देतो. दादरा, काळी एक, बासरीची दोनदा येणारी ओळ, यावरून कोणाला काही आठवलं तर नक्की सांगा.