‘एक पगार बोनस’ ही ओळ बदलताना

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत 2022 च्या दिवाळीआधी मीच नोटीस लावली होती: ‘दिवाळीनिमित्त सर्व कामगारांना एक पगार बोनस.’ रक्कम हातात पडली आणि फेटलिंगमधले एक काका पगाराची स्लिप घेऊन माझ्या टेबलापाशी आले. “पगार साडेसतरा हजार हाय न्हवं? मग तेरा कसं आलं?” स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 होते, बाकी घरभाडे आणि इतर भत्ते. बोनस मूळ आणि महागाईवरच काढतात हे मला माहीत होतं, पण नोटिशीत तसं कुठंच नव्हतं. चूक माझ्या शब्दांची होती.

2023 ला मी ती ओळच काढली. नवी अशी लिहिली: ‘1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023 या वर्षात प्रत्यक्ष मिळालेला मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याच्या 8.33 टक्के. घरभाडे, ओव्हरटाइम आणि इतर भत्ते धरलेले नाहीत.’ कायद्याप्रमाणे हिशेबाच्या पगाराला कमाल मर्यादा लावता आली असती, पण मालकांनी ती लावली नाही, म्हणून ‘पूर्ण रकमेवर’ हेही घातलं. खाली दोन हिशेब मांडले. वर्षभर असलेल्याचे 13,000 प्रमाणे 1,56,000 होतात, त्याचा बोनस 12,995. डिसेंबर 2022 पासून आलेल्याचे चार महिन्यांचे 52,000, बोनस 4,332. दिवाळी ते दिवाळी असं वर्ष धरणाऱ्यांचा गोंधळ या दुसऱ्या उदाहरणानं मिटला.

‘दिवाळीला’ हा शब्दही गेला. त्याऐवजी ‘नोव्हेंबर 2023 मध्ये, शुक्रवार 3 तारखेला बँक खात्यात’ असं लिहिलं. तेव्हाच्या 1965 च्या बोनस कायद्यानं वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली होती.

खरी अडचण अटीची होती. मालकांना ‘वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असेल त्यालाच’ ही जुनी अट हवी होती. मी तोच कायदा उघडून दाखवला: वर्षात किमान 30 दिवस काम केलं आणि पगार 21,000 च्या आत असला की हक्क तयार होतो. नंतर नोकरी सोडली म्हणून तो जात नाही. फसवणूक, अफरातफर, चोरी, घातपात किंवा कारखान्यातल्या हिंसक वर्तनामुळं कामावरून काढलं असेल तरच जातो. शेवटी ती अट फक्त 21,000 च्या वरच्यांना कंपनी आपणहून देत असलेल्या रकमेला लावली. त्या रकमेला नोटिशीत ‘सानुग्रह रक्कम’ म्हटलं आणि वेगळा परिच्छेद केला, म्हणजे दोन्हींची सरमिसळ नको.

लावण्याआधी कच्चा मसुदा त्याच काकांना वाचायला दिला. त्यांनी बोट एका शब्दावर ठेवलं: “प्रत्यक्ष मिळालेला म्हंजे खाडं वजा?” मी लगेच कंसात ‘बिनपगारी दिवस वजा, भरपगारी रजा धरून’ असं लिहिलं.

जुलैत काम सोडून गेलेला मोल्डिंगचा एक पोरगा 6 तारखेला विचारायला आला. त्याचे पैसे तीनलाच खात्यात गेले होते.