संध्याकाळच्या अपडेटमधली अडलेली ओळ

बेलापूरच्या आमच्या कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसातून रोज साडेपाचच्या सुमाराला साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाचा अपडेट जातो. झालेली कामं एका ओळीत आटपतात. घोडं अडतं ते न झालेल्या कामापाशी, आणि तिथे सगळे एकच लिहितात: 'फॉलो-अप चालू आहे.' या वाक्याचा मला मनस्वी वैताग आहे. त्यातून काही कळत नाही, मग साहेबांचा फोन येतो आणि लोकल पकडायच्या घाईत खुलासे देत बसावं लागतं.

उदाहरण घ्या. न्हावा शेव्याला आलेल्या मशिनच्या बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सला भरलेल्या आयातीच्या अर्जावर, कस्टम्सची क्वेरी आली, कॅटलॉग हवाय. तो पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्या कंपनीकडून यायचाय. नेहमीचा अपडेट असा असतो:

'सर, क्वेरी सकाळीच बघितली. पार्टीला दोनदा फोन केला, मेलही केला, पण रिप्लाय नाही. आमच्याकडून काही पेंडिंग नाही.'

सगळं खरं आहे, तरी वाचताना सफाई दिल्यासारखं वाटतं. 'सकाळीच', 'दोनदा', 'आमच्याकडून' हे शब्द कुणी न केलेल्या आरोपाला उत्तर देतात. साहेबांना हवं ते, म्हणजे कंटेनर कुठे अडलाय आणि भुर्दंड कधीपासून बसेल, ते यात नाहीच. मी हे असं लिहितो:

'४४१७: क्वेरी, कॅटलॉग हवा. पार्टी उद्या ११ पर्यंत देणार. आला की ई-संचितवर टाकून उत्तर देतो. फ्री डेज शुक्रवारी संपतात. ११ पर्यंत नाही आला, तर पार्टीच्या मालकांना तुम्हाला फोन करावा लागेल.'

४४१७ हे बिल ऑफ एंट्रीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, ई-संचित म्हणजे कस्टम्सला कागदपत्रं ऑनलाइन द्यायची सोय, आणि फ्री डेज म्हणजे कंटेनरवर भुर्दंड न लागणारे दिवस. पार्टीने वेळ दिली नसेल, तर आपली वेळ लिहायची: 'उद्या ११ ला पुन्हा विचारतो.' मात्र 'उद्या क्लिअर होईल' असं कधीही लिहू नये. उत्तर टाकणं आपल्या हातात आहे. त्यानंतर फाइल पुन्हा असेसिंग ऑफिसरकडे जाते, ते कधी बघतील हे आपण सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशीची निम्मी सारवासारव या एका वाक्यामुळे करावी लागते.

उशीर आपल्याच टेबलावर झाला असेल, तर 'उत्तर आज जायचं होतं, गेलं नाही, उद्या १० ला जाईल' एवढं पुरतं. कारण तेव्हाच लिहायचं, जेव्हा ते उद्याही आडवं येणार असेल. सर्व्हर बंद होता आणि आता चालू झालाय, तर ते सांगून उपयोग काय?

आणि हो, अडलेली ओळ सगळ्यात वर. साहेब ठाण्याच्या गाडीत उभे असतात, नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचेच शब्द दिसतात. रात्री कॅटलॉग आला तर नवा अपडेट लिहू नये, त्याच मेसेजला रिप्लाय करून 'आला, सकाळी टाकतो' म्हणावं.