लोणंद सोडल्यावर पाऊल टेकवेना

वारीत पाय दुखतातच. दिवे घाट चढून सासवडला पोचलो त्या रात्री पोटऱ्या, मांड्या, टाचा सगळंच ठणकत होतं आणि सकाळी बरंच ओसरलंही. लोणंद सोडल्यावर सुरू झालं ते दुखणं निराळं होतं. उजव्या पावलावर, दुसऱ्या बोटाच्या मागे. टाच टेकताना काही नाही, पण चवड्यावर भार आला की कळ. चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघत उभा होतो तोवर बरं वाटलं, चालायला लागलो की पुन्हा तेच. तरडगावला पाऊल इतकं सुजलं की वरच्या शिरा दिसेनात.

दिंडीतल्या आक्का तेलाची वाटी घेऊन बसल्या. पोटरी चोळली, छान वाटलं. पावलावर अंगठा दाबला तसा मी ओरडलो. त्यांनी हात काढून घेतला. "हे चोळायचं दुखणं न्हवं रं. उद्या डॉक्टरला दाखव."

फलटणच्या तळावर डॉक्टर म्हणाले, "माउली, दुखतंय ते एका बोटानं दाखवा." जागा रुपयाएवढीच होती, नेमकी हाडावर. मग त्यांनी माझी बोटं खाली दाबून धरली आणि वर उचलायला सांगितली. चपलेच्या पट्ट्यानं वरच्या कंडरा सुजल्या असत्या तर तेव्हा दुखलं असतं आणि दुखणं लांबट पसरलेलं असतं. तसं काही नव्हतं. शेवटी दुसरं बोट धरून सरळ टाचेच्या दिशेनं दाबलं, तर कळ त्याच जागी.

"हाडाला बारीक चीर असणार. एक्स-रे चांगला आला तरी पायी चालायचं नाही," ते म्हणाले. रोजचा भार अचानक वाढला की हाड स्वतःची डागडुजी करायला घेतं. त्यात जुना भाग आधी झिजतो, नवा मागाहून भरतो. मधल्या काळात विश्रांती मिळाली नाही तर तिथंच चीर जाते. सैनिकांना लांबच्या कवायतीत हे होतं, म्हणून याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. दुसऱ्या बोटामागचं हाड बुडाशी घट्ट रुतलेलं असतं, म्हणून ते बरेचदा सापडतं.

एक्स-रे खरोखरच चांगला आला. अशी चीर सुरुवातीला एमआरआयमध्येच नीट दिसते. मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसलो. माउलींचा रथ पुढे आणि मी ट्रकमध्ये, डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. वाखरीपर्यंत असाच गेलो.

तीनेक आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा त्या हाडाभोवती नव्या हाडाचा पांढुरका फुगवटा दिसला. कडक तळव्याचा बूट, आणि दाबल्यावर दुखेनासं होईपर्यंत लांब चालणं बंद. याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. रक्तात ड जीवनसत्त्वही कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या.

करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी किंवा घोट्यापुढे पावलाच्या उंचवट्यावर अशीच नेमकी कळ असेल तर मात्र बुटावर भागवू नका. तिथली चीर सहजी जुळत नाही, पायावर भार पूर्ण बंद करावा लागतो आणि कधी शस्त्रक्रियाही लागते.