चोवीस कामट्या

धनत्रयोदशी, रात्रीचे साडेअकरा

फोन मी मापासाठी केला होता. आकाशकंदिलाची कामटी नऊ इंचाची की दहा, एवढंच विचारायचं होतं. बाबा म्हणाले, "नऊ. पण तू कशाला खटाटोप करतेस? आम्हीसुद्धा यंदा विकतचाच आणला. प्लास्टिकचा आहे, पण छान आहे. धुता येतो."

मी "बरं केलंत" म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ हातात कामटी घेऊन फरशीवर बसून राहिले.

धुता येतो म्हणे.

यायला जमणार नाही हे मीच कळवलं होतं. त्यावरून आईचं जे काही झालं ते झालं, ते परत इथे उगाळत नाही. माझी अपेक्षा तरी काय होती? मी नाही म्हणून त्यांनी कंदीलच लावू नये? की मी नसतानाही नेहमीसारखा करावा? तसा केला असता तरी मी रडलेच असते, "माझ्यावाचून काही अडत नाही" म्हणून. पण विकतचा! आमच्या घरात विकतचा कंदील म्हणजे पाहुण्यांपुढे बिस्किटांचा पुडा फोडून ठेवण्यासारखं.

कामट्या बुरडाकडून आणल्या. हिरव्या सालीकडच्याच द्या म्हटलं, कारण आतल्या गाभ्याच्या लगेच मोडतात, हे मला ऐकून ऐकून माहीत होतं. त्याने वर पाहिलं आणि निवडून दिल्या. बरोबर चोवीस घेतल्या. सहा चौकोन, प्रत्येकाला चार. शहाणपणा. दोन कापतानाच उभ्या चिरल्या आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्या दारात.

घरी चौकोन बाबा करायचे. माझं काम पुढचं. एक चौकोन खाली आडवा, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे, शंकरपाळ्यासारखे. त्यांची बाजूची टोकं एकमेकांना बांधायची आणि वरच्या टोकांवर सहावा चौकोन टेकवायचा. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. नऊ इंची कामट्यांचा कंदील फूटभराहून थोडा उंच होतो. लहानपणी मला त्या त्रिकोणांचं फार नवल वाटायचं, ते कुणी केलेलेच नसायचे.

सूत खालच्या अक्कांनी दिलं. खालचे माग दुपारीच थांबले होते. एरवी ही खोली त्या खडखडाटात अशी हलत असते की टेबलावरचा चमचा आपोआप सरकतो. आज शांतता इतकी होती की मला चैन पडेना. अक्का जिन्यात आल्या, आतला पसारा बघून म्हणाल्या, "काय करलालीस गं? कंदील? खाली चौकात भेटतंय की!"

त्यांनाही विकतचाच सुचला.

पण गेल्या आणि टॉवेलच्या सुताचा अर्धा कोन घेऊन आल्या. एकेरी सूत तटातट तुटत होतं, म्हणून चौपदरी केलं. तरी तुटलं तेव्हा अक्कांनी माझ्या हातातून घेतलं आणि दोन बोटांत काहीतरी फिरवलं की सांधा झाला. इतका बारीक की नंतर मला तो सापडला नाही. "परत दाखवा" म्हटलं तर हसायला लागल्या. हळू करायचं म्हटलं की त्यांना ती गाठ येत नाही.

सगळं बांधून झालं. फार खूश होऊन मी तो सांगाडा वरच्या चौकोनाला धरून उचलला, तर तो गरकन फिरला, पिळलेल्या कपड्यासारखा, आणि चपटा होऊन खाली बसला. गाठ एकही सुटली नव्हती. चौकोनांचेच शंकरपाळे झाले होते.

तेव्हा आठवलं. "धर. सोडू नकोस. अजून नाही, अजून नाही." दर दिवाळीत बाबांचं हेच वाक्य. मी वरचे दोन कोपरे धरून उभी, हाताला मुंग्या आलेल्या, नाकाला खाज सुटलेली, आणि ते प्रत्येक चौकोनात कर्णावर दोरा बांधत असायचे. मला आजवर वाटायचं की पोरीला काहीतरी काम द्यायचं म्हणून ते मला उभं करत. बांधलेला सांगाडा स्वतःचा आकार धरत नाही, हे मला आज कळलं. कर्णाचे दोरे त्याला तात्पुरते सांभाळतात. मग कागद चिकटून वाळला की तोच कामट्यांना हलू देत नाही, आणि दोरे कापून टाकले तरी चालतात. पण दोरे बांधून होईपर्यंत कुणीतरी तो धरून ठेवावाच लागतो. दोन हातांचं काम नाहीच ते. चार लागतात.

आईचा खांदा आखडलेला. दादाचं तर विचारूच नका.

म्हणजे विकतचा आणला नसता तर केलं काय असतं त्यांनी?

हे लक्षात आल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची जरा लाजही वाटली. वडिलांचं काम अडलं म्हणून सुखावणारी मुलगी. असो. मी जिन्यातून हाक मारली, "अक्का, जरा धरता का?"

त्यांनी धरला. पंधरा मिनिटं. मला न कळणाऱ्या तेलुगूत खाली कुणालातरी रागवत, पण हात जराही न हलवता. "सोडू का" म्हणून एकदाही विचारलं नाही. मी मात्र उगाच दोनदा "सोडू नका हं" म्हणून घेतलं.

पतंगी कागद दुपारीच मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून आणला होता. चौकोनांना लाल, त्रिकोणांना पांढरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा. कपभर पाण्यात दोन चमचे मैदा शिजवून खळ केली. घरी तीत चिमूटभर मोरचूद पडायचा, इथे नाही. झुरळं आली तर येवोत. पहिला कागद मी छान ताणून लावला आणि वाळताना तो फट्कन मधोमध फाटला. मग बाकीचे ढिलेच लावले. ओले असताना अगदी पोट सुटल्यासारखे दिसत होते, तासाभरात आपोआप ताठ झाले.

पणत्या बादलीत भिजत पडल्या आहेत. न भिजवता लावल्या तर त्याच तेल पितात. पाणी आता परवा येणार, म्हणून उद्या त्याच पाण्याने फरशी पुसायची. खोलीला उंबरठा नाही, रांगोळी कुठे काढायची हा प्रश्न उद्याचा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही ही अट आहे, तेव्हा कंदील गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगलाय. आत छोटा एलईडी. एका बाजूला कललाय, शेजारी माझा टॉवेल.

फोटो बाबांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"डावा चौकोन पिळलाय. कर्ण बांधला नव्हतास?"

"बांधला होता. सैल पडला."

"एका वेढ्याने पडतोच. दोन घ्यायचे. धरला कुणी?"

"अक्कांनी."

त्यावर काही नाही. मग मी लिहिलं, "तुमच्या धुता येणाऱ्या कंदिलाचा फोटो पाठवा."

निळ्या खुणा येऊन वीस मिनिटं झाली. फोटो अजून आलेला नाही.