जाहीर नोटीस, जोडाक्षरं आणि जवळचा नंबर : माझा अनुभव

चष्म्याच्या दुकानात जवळचा नंबर काढताना मराठी मजकूर वाचायला देत नाहीत, याचा माझा राग अजून गेलेला नाही. कोल्हापुरात सकाळी चहाबरोबर मराठी पेपर वाचणाऱ्या माणसाचा नंबर इंग्रजी अक्षरांवरून काढायचा आणि वर त्यालाच सांगायचं, ‘काका, नंबर बरोबर आहे, सवय होईल.’

माझं काम अडलं ते जाहीर नोटिशीवर. पन्हाळा तालुक्यात आमची सामाईक जमीन आहे. तिच्या शेजारच्या गटाची नोटीस पेपरात आल्याचं चुलतभावाने फोनवर सांगितलं. हरकत १४ दिवसांत घ्यायची होती. गट नंबर ११ की १९, हे मला नव्या चष्म्यातून ठरवता येईना. मराठी १ आणि ९ बारीक छापात किती जवळ येतात ते बघा, फरक फक्त गाठीच्या वळणाचा. पुढे ‘विरुद्ध’ होतं. त्यातला द्ध इतका भरून आला होता की तो द्द म्हणूनही खपला असता. ‘हक्कसोडपत्र’ अंदाजाने कळलं, कारण शब्द ओळखीचा होता. पण आडनाव आणि आकडा अंदाजाने वाचून हरकत घेता येत नाही.

चष्मा तर नवा कोरा होता. दुकानदार म्हणाला, ‘तुम्ही एन ६ ची ओळ सरळ वाचली की!’ वाचली होती, खरं आहे. पण ती ओळ काय असते ते सांगतो. जवळच्या तपासणीच्या कार्डावर ओळींपुढे एन ५, एन ६, एन ८ असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे छापाचा पॉइंट, आणि तो रोमन टाइपाच्या हिशेबाने ठरवलेला आहे. इंग्रजीत तेवढ्या उंचीत एकच अक्षर सुटं उभं राहतं. आपल्याकडे तेवढ्याच उंचीत वर रफार, वेलांटी किंवा मात्रा, मध्ये शिरोरेखा आणि अक्षर, खाली उकार किंवा जोडाक्षराचा दुसरा मजला, एवढं सगळं बसवायचं असतं. त्यामुळे त्याच पॉइंटात मराठी अक्षराचं मुख्य अंग लहान होतं, आणि द्ध, द्व, ष्ठ यांच्या आतली मोकळी जागा तर सुईच्या नेढ्याएवढी उरते. त्यात कार्ड पांढरंशुभ्र, शाई काळीभोर. पेपरचा कागद करडा, शाई थोडी पसरलेली. इंग्रजीत एन ६ पास झालेला माणूस मराठी नोटिशीवर अडतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि ती मला जास्त खटकली. दुकानदाराने कार्ड माझ्या डोळ्यांपासून दीड वीत, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटरवर धरलं, वर दिवा लावला आणि नंबर काढला ३. ‘जरा जास्त दिलाय, अक्षर मोठं दिसेल’, असंही म्हणाला. माझा लांबचा नंबर शून्य आहे. अशा माणसाला ३ चा चष्मा दिला तर त्याला नेमकं ३३ सेंटिमीटरवरच स्वच्छ दिसतं. हिशेब सोपा आहे : १०० ला नंबराने भागायचं, जे येईल तेवढ्या सेंटिमीटरवर अक्षर स्वच्छ. साठीच्या डोळ्याची स्वतःची फोकस बदलायची ताकद जवळजवळ संपलेली असते, त्यामुळे मागेपुढे फार सरकता येत नाही. मी पेपर टेबलावर पसरून वाचतो, हातभर अंतरावर, ४५ सेंटिमीटर धरा. तिथे ३ नंबर अक्षर पुसट करणारच. हे मी त्याला समजावून सांगितलं, तर ‘पेपर जरा जवळ घ्या’ हे उत्तर. फॉर्म भरताना कागद नाकाशी धरून सही करायची का?

शेवटी ती नोटीस घडी करून खिशात घातली आणि राजारामपुरीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तपासणाऱ्या मुलीने आधी विचारलं, ‘काका, घरी कागद कसा धरता ते दाखवा बरं.’ टेप लावून अंतर मोजलं. मग माझीच नोटीस हातात देऊन काचा बदलल्या. सव्वादोनवर अक्षर वर आलं, तरी रफार आणि मात्रा शिरोरेखेला चिकटूनच दिसत होत्या. काना स्वच्छ, आडव्या रेघा पसरलेल्या. तिने लगेच ओळखलं : सिलिंडर. पाऊण नंबर निघाला. सिलिंडर असला की अक्षर एकाच दिशेने पुसट होतं. मराठीत तर शिरोरेखा ओळभर आडवी पसरलेली असते. ती जाड झाली की वरची सगळी चिन्हं तिच्यातच बुडतात. सिलिंडरची काच बसली आणि १९ चा ९ गाठीसकट दिसला. हरकत मुदतीत गेली.

रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चष्म्यात सिलिंडर नसतो आणि दोन्ही काचा सारख्याच नंबराच्या असतात, हेही तिच्याकडूनच कळलं. तात्पुरतं चालतं, नोटिशीसाठी नाही.

उजेडाचं राहिलं. आमच्या हॉलमधली ट्यूब पाठीमागे आहे, म्हणजे वाचताना माझीच सावली कागदावर. आता टेबल लॅम्प डाव्या बाजूला, खांद्याच्या थोडा पुढे, कागदाजवळ ठेवतो. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड जवळपास चौपट होतो, त्यामुळे मोठा बल्ब आणण्यापेक्षा दिवा जवळ ओढणं फायद्याचं. भरपूर उजेडात बाहुली लहान होते, आणि लहान बाहुलीतून थोडा चुकलेला नंबरही बराच सांभाळला जातो. दुकानात वाचता येतं आणि घरी येत नाही, त्याचं एक कारण हेच. सरकारी खिडकीवर लॅमिनेट केलेला नमुना असतो, त्याच्यावर मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर फक्त चकाकी दिसते. बाजूने, तिरपा धरायचा.

भिंग मी ठेवलंय, पण एका अक्षराची खात्री करायला. तीन पट लिहिलेलं भिंग म्हणजे साधारण १२ नंबर, कागदापासून ८ सेंटिमीटरच्या आसपास धरावं लागतं. डोळा भिंगाच्या जितका जवळ नेता, तितकी जास्त ओळ दिसते. तरी पूर्ण नोटीस त्यातून वाचायला गेलं की पुढची ओळ सापडत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी घरी एक करून बघता येतं. जाड पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, एक डोळा झाका, भरपूर उजेडात त्या भोकातून तेच जोडाक्षर बघा. स्वच्छ झालं तर बहुतेक नंबराचा प्रश्न. नाही झालं तर मोतीबिंदू किंवा पडद्याचं काही असू शकतं, तेव्हा चष्म्याच्या दुकानात न जाता थेट डॉक्टरकडे जा. आणि एकेका डोळ्याने बघताना छापील शिरोरेखा मध्येच वाकडी किंवा तुटलेली दिसली, तर ते पडद्याचं लक्षण असू शकतं, त्याला नवी काच उपयोगाची नाही. त्याच दिवशी फोन करून लवकरात लवकरची वेळ मागा.